पंख्याच्या बटणातली ठिणगी आणि मुख्याध्यापकांना लिहायचे पत्र

वर्गातल्या पंख्याच्या बटणातून ठिणग्या उडू लागल्या, तर शिक्षकाने ते मुख्याध्यापकांना लेखी कळवावे की नाही, यावर अनेक शाळांत एक मत पक्के रुजलेले आहे : एवढ्याशा गोष्टीसाठी पत्र कशाला, शिपायाला सांगितले की काम होते. या मताच्या पुष्टीसाठी साधारण चार गोष्टी सांगितल्या जातात. ठिणगी सगळ्याच बटणांत उडते. एमसीबी बसवलेला असल्याने धोका नाही. तोंडी सांगितले की पुरे. आणि पत्र लिहिणे म्हणजे मुख्याध्यापकांविरुद्ध कागद तयार करणे. हे मत चुकीचे आहे, आणि ज्या खोलीत चाळीस-पन्नास मुले दिवसभर बसतात तिथे ते घातकही आहे. चारांपैकी पहिल्या म्हणण्यात मात्र थोडे तथ्य आहे, म्हणून आधी त्याचाच विचार करायला हवा.

बटण बंद करताना आतले धातूचे दोन संपर्कबिंदू एकमेकांपासून दूर होतात. पंख्याच्या मोटरीत तारेची गुंडाळी असते, आणि गुंडाळीतून वाहणारा प्रवाह एकदम थांबायला तयार नसतो. बिंदू सुटत असताना तो त्यांच्यामधल्या फटीतून, हवेतून, क्षणभर वाहत राहतो. हीच ठिणगी. आपल्याकडचा घरगुती पुरवठा २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झचा आहे, म्हणजे प्रवाह सेकंदात शंभर वेळा शून्यावर येतो. बटणाची स्प्रिंग ताठ असेल तर बिंदू झटक्यात पुरेसे दूर जातात आणि अशा एखाद्या शून्याच्या क्षणी ठिणगी विझते, ती पुन्हा पेटत नाही. अंधाऱ्या खोलीत बटण दाबताना कडेच्या फटीतून एकदाच चमकणारी बारीक निळी रेघ दिसते, ती याच क्रियेची. तेवढ्यासाठी पत्र लिहिण्याचे कारण नाही, हे मान्य करायलाच हवे.

पण यावरून सगळ्याच ठिणग्या निरुपद्रवी ठरत नाहीत. फरक ओळखायला विजेचे शिक्षण लागत नाही, बोर्डाला हात लावावा लागत नाही. दोन तासिका लक्ष ठेवले तरी पुरते. बटणाला कोणी स्पर्श केलेला नसताना, पंखा नुसता फिरत असताना ठिणगी दिसत असेल किंवा चर्र-चर्र असा आवाज येत असेल, तर प्रवाह कुठेतरी सतत तुटत-जुळत आहे. बटणाचा पांढरा रंग एका कडेला पिवळा-तपकिरी पडला असेल, तर तिथे उष्णता साचत आली आहे, आणि तो डाग एका दिवसात पडलेला नसतो. जळक्या प्लास्टिकचा किंवा सुकटासारखा उग्र वास येत असेल, तर बोर्डाच्या आतले प्लास्टिक किंवा तारेचे आवरण तापून बिघडू लागले आहे. चौथी खूण सर्वांत बोलकी आणि सर्वांत दुर्लक्षित : पंख्याच्या बटणात चर्र झाले की त्याच बोर्डावरची एखादी ट्यूबही फडफडते. तिचा अर्थ पुढे येतो. रेग्युलेटरच्या खटक्यातून येणारी ठिणगीही दुरून बटणातलीच वाटू शकते, म्हणून आवाज नेमका कुठून येतो हे पाहून ठेवलेले बरे.

जून महिन्यात हे प्रकार जास्त आढळावेत, यालाही कारण आहे. मे महिनाभर वर्ग बंद असतात. बोर्डाच्या फटींतून मुंग्या आत शिरतात, संपर्कबिंदूंमध्ये चिरडल्या जातात आणि त्यांचा थर बिंदूंना नीट टेकू देत नाही. पाठोपाठ पहिल्या पावसात बाहेरच्या बाजूची भिंत ओल धरते. जुन्या इमारतींत तारा ॲल्युमिनियमच्या असतील तर आणखी एक दोष असतो. हा धातू मऊ असल्याने स्क्रूखाली हळूहळू दबत जातो आणि त्याच्यावर वीज नीट वाहू न देणारा गंज चढतो. एके काळी घट्ट आवळलेला स्क्रू काही वर्षांनी कोणी हात न लावताही सैल झालेला असतो.

आता ट्यूब फडफडण्याचा अर्थ. ७५ वॉटचा पंखा जेमतेम एक तृतीयांश अँपिअर प्रवाह घेतो. तेवढ्या प्रवाहाने एखाद्या सैल जोडात फारशी उष्णता निर्माण होत नाही, आणि "पंख्याने कुठे आग लागते" हा समज त्यातूनच आला असावा. परंतु वर्गातल्या बोर्डात प्रत्येक बटणाला मेनपासून स्वतंत्र तार आणलेली नसते. फेजची एक तार पहिल्या बटणाच्या स्क्रूत येते, तिथून एक तुकडा दुसऱ्या बटणाला, दुसऱ्यातून तिसऱ्याला जातो. वायरमन याला लूपिंग म्हणतात. म्हणजे वाटेतल्या स्क्रूमधून फक्त त्या पंख्याचा प्रवाह जात नाही. त्याच्या पुढे जोडलेल्या सगळ्या पंख्यांचा आणि दिव्यांचा जातो. चार पंखे आणि चोक असलेल्या सहा जुन्या ट्यूब अशा जोडाच्या पुढे असतील, तर त्यातून पावणेचार अँपिअरच्या आसपास प्रवाह वाहतो.

उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते, हे दहावीच्या विज्ञानात शिकवले जाते. सैल जोडाचा रोध एक ओहम धरला, तर एकट्या पंख्याच्या प्रवाहाने त्यात वॉटचा नववा भाग एवढीच उष्णता निर्माण होईल. तोच जोड लूपिंगच्या वाटेत असेल तर आकडा चौदा वॉटच्या जवळ जातो, आणि प्रत्यक्ष ठिणगी चालू असेल तर त्याहूनही वर. इलेक्ट्रॉनिक्सच्या कामातले डाग द्यायचे साधे सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॉटचे असते आणि ते कथिल वितळवते. इथे तसल्याच प्रमाणातली उष्णता एका स्क्रूच्या टोकाशी, बंद डब्यात, वारा नसलेल्या जागी साठते. तारेवरचे साधे पीव्हीसी आवरण सत्तर अंश सेल्सिअसपर्यंत टिकावे असे बनवलेले असते. त्याच्या वर ते मऊ पडते, मग करपते, आणि करपलेल्या जागी कार्बनचा थर तयार होतो. कार्बन वीजवाहक आहे. त्यामुळे बिघाड जितका जुना होतो, तितकी ठिणगीला वाट सोपी होत जाते. पंख्याचे बटण दाबल्यावर ट्यूब फडफडते, याचा अर्थ सैल जोड बहुधा दोघांच्या सामाईक वाटेवर आहे. शिक्षकाने एवढे एक निरीक्षण पत्रात नोंदवले तरी तपासणी एका बटणापुरती न राहता पूर्ण बोर्डाची होते.

दुसरे म्हणणे एमसीबीचे. ते सर्वांत आश्वासक वाटते आणि सर्वांत चुकीचे आहे. एमसीबी दोन प्रसंगी पडतो : तारेतून ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह बराच वेळ वाहिला तर, किंवा शॉर्टसर्किट होऊन प्रवाह एकदम कित्येक पटींनी वाढला तर. सैल जोडातल्या ठिणगीत यांपैकी काहीच घडत नाही. ठिणगी प्रवाहाच्या वाटेतच बसलेली असते, त्यामुळे प्रवाह वाढत तर नाहीच, थोडा कमी होतो. वरच्या उदाहरणात सहा अँपिअरच्या एमसीबीतून पावणेचार अँपिअर जात आहे. त्याच्या लेखी सगळे सुरळीत आहे. जुन्या शाळांतल्या फ्यूजचीही तीच गत. मग ईएलसीबी किंवा आरसीसीबी? ही उपकरणे फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून परत येतो की नाही, एवढेच पाहतात. काही भाग माणसाच्या शरीरातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत गेला, तर ती पुरवठा तोडतात. यासाठी नेहमी वापरली जाणारी मर्यादा ३० मिलिअँपिअरची आहे. सैल जोडातून गळती होत नाही, म्हणून तीही गप्प राहतात. आवरण करपून फेज शेजारच्या तारेला किंवा भिंतीला टेकते तेव्हा कुठे यांतले एखादे उपकरण पडते. पण तोपर्यंत तापणे आणि करपणे बंद डब्यात होऊन गेलेले असते. ठिणगी ओळखून पुरवठा तोडणारी वेगळी उपकरणे जगात आहेत, आपल्या शाळांच्या बोर्डांत ती सहसा नसतात. या दोषाची सूचना वेळेवर मिळायची असेल तर ती माणसाच्या डोळ्या-नाकाकडूनच मिळणार, आणि वर्गात असा मोठा माणूस एकच असतो.

शॉकचा धोका आगीहून वेगळा आहे आणि तोही याच बोर्डाशी जोडलेला आहे. तापून तडकलेल्या बटणाच्या फटीतून किंवा निसटलेल्या झाकणामागून फेजला बोट लागू शकते. ओल्या हातांनी, अनवाणी, ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या मुलाच्या शरीराचा रोध दीड हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टला सुमारे दीडशे मिलिअँपिअर प्रवाह वाहील. वर सांगितलेल्या तीस मिलिअँपिअरच्या मर्यादेच्या तो पाचपट आहे आणि हृदयाचे ठोके बिघडवायला पुरेसा आहे. अनेक शाळांत पंखे चालू-बंद करण्याचे काम मुलांकडेच असते, बहुधा वर्गप्रतिनिधीकडे किंवा बोर्डाशेजारच्या बाकावरच्या मुलाकडे. मधल्या सुटीत डबा धुऊन आलेला ओला हात त्या बटणावर पडतो. एका बटणाची तक्रार मुलांच्या सुरक्षिततेची तक्रार ठरते ती इथे, आणि हे पत्रात स्पष्ट लिहिले गेले पाहिजे.

तोंडी सांगण्याचा मुद्दा वरवर व्यवहारी दिसतो. शिपाई त्याच इमारतीत असतो, वायरमन त्याच्या ओळखीचा असतो, मग कागद मध्ये कशाला? अशा वेळी प्रत्यक्षात काय होते ते पाहिले पाहिजे. शिपायाला "सातवीचा फॅन बिघडलाय" एवढेच सांगितले जाते. तो वायरमनला तेच सांगतो. वायरमन येईपर्यंत दोन दिवस जातात; तोवर पंखा चालूच असतो, कारण तो बंद ठेवा असे कोणी कोणाला सांगितलेले नसते. वायरमन येतो तेव्हा शाळा सुटलेली असते. तो पंखा लावून पाहतो, पंखा फिरतो, तो निघून जातो. किंवा नवे बटण बसवतो, पण करपलेले तारेचे टोक तसेच नव्या स्क्रूत आवळतो. पंधरा दिवसांनी पुन्हा चर्र सुरू होते, आणि मागच्या वेळी नेमके काय केले होते हे सांगणारे कोणी नसते. या साखळीत कामचुकार कोणीच नाही. खोली, बटण, खूण, वेळ आणि तात्पुरती खबरदारी हे पाच तपशील वाटेत गळतात, आणि तोंडी निरोपात ते गळणारच.

तोंडी निरोपाच्या बाजूने एक बळकट कायदेशीर युक्तिवाद करता येतो, त्यालाही उत्तर दिले पाहिजे. वीज जोडणीची कामे परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्यावीत, हा नियम जुना आहे. पण १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत आणि नंतर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांत दिवे, पंखे, फ्यूज आणि बटणे बदलण्याला सूट दिलेली होती. मग बटण बदलायला एवढा सोपस्कार कशाला, असे कोणी म्हणेल. त्या सुटीला एक अट जोडलेली आहे : बदलामुळे जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. चांगल्या तारेवरचे जुने बटण काढून तसेच नवे बसवणे त्या अटीत बसते. करपलेली तार कापणे, लूपिंग नव्याने करणे, ॲल्युमिनियमची तार तांब्याच्या तारेला जोडणे, भार दुसऱ्या वाटेवर टाकणे ही दुरुस्ती झाली, आणि तिथे परवाना लागतो. ठिणगीच्या प्रकरणात यांपैकी कोणते काम निघेल हे बोर्ड उघडल्याशिवाय कळत नाही. म्हणून शिक्षकाने स्वतः स्क्रू-ड्रायव्हर घेणे, किंवा एखाद्या विद्यार्थ्याच्या वडिलांना "येता-जाता बघून जा" असे सांगणे, हा पत्राला पर्याय होऊ शकत नाही. यात आणखी एक सापळा आहे. फेजऐवजी न्यूट्रलवर बटण बसवण्याची चूक जुन्या जोडण्यांत आढळते. तशा जोडणीत बटण बंद केले तरी पंख्यापर्यंतची तार जिवंतच असते, आणि बटण बंद केले म्हणून निर्धास्तपणे हात घालणारा फसतो.

पत्राविरुद्ध बोलणाऱ्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र खरी आहे. ज्या तऱ्हेची पत्रे लिहिली जातात, त्यांतली बरीचशी खरोखर निरुपयोगी असतात. "वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, आमच्या वर्गातील पंख्याचे बटण नादुरुस्त झाले असून विद्यार्थ्यांची गैरसोय होत आहे, तरी ते लवकरात लवकर दुरुस्त करून मिळावे ही नम्र विनंती." हे पत्र अदबीचे आहे, पण वाचून मुख्याध्यापकांनी आज काय करायचे हे त्यातून कळत नाही. कोणता मजला, कोणता बोर्ड, ठिणगी की नुसते अडकणारे बटण, पंखा आता चालू आहे की बंद, यांपैकी काहीच नाही. "गैरसोय" या शब्दाने तर विषयच बदलतो. धोक्याची बाब उकाड्याची होऊन बसते. असे पत्र फळे आणि डस्टर यांच्या मागणीपत्रांच्या गठ्ठ्यात जाते.

याच प्रसंगाचे उपयोगी पत्र कसे असेल, ते एका कल्पित शाळेच्या उदाहरणावरून पाहता येईल.

"विषय : इयत्ता सातवी 'ब'च्या बोर्डावरील पंख्याच्या बटणातून ठिणग्या व जळका वास; वर्गाचा पुरवठा बंद ठेवून दुरुस्ती करण्याबाबत.

माननीय मुख्याध्यापिका बाई,

पहिल्या मजल्यावरील सातवी 'ब'च्या वर्गात दाराच्या उजव्या बाजूच्या बोर्डावर डावीकडून तिसरे बटण मधल्या पंख्याचे आहे. काल दुसऱ्या तासिकेपासून पंखा चालू असताना, बटणाला कोणी हात लावलेला नसतानाही, त्यातून चर्र असा आवाज येतो व ठिणगी दिसते. त्याच वेळी फळ्यावरची ट्यूब फडफडते. बटणाच्या खालच्या कडेला तपकिरी डाग आहे. आज सकाळी साडेअकराला जळक्या प्लास्टिकचा वास आला. बोर्डाच्या बाहेरच्या बाजूची भिंत ओली आहे. कोणालाही इजा झालेली नाही.

बोर्डालगतच्या बाकावर दोन विद्यार्थी बसत होते व पंखे विद्यार्थीच चालू-बंद करत होते. त्यांना बोर्डाला हात लावण्यास मनाई केली आहे व बाक खिडकीकडे हलवला आहे. कार्यालयातील शिपायांकडून अकरा पंचेचाळीसला या वर्गाचा एमसीबी बंद करून घेतला आहे. सध्या वर्ग ग्रंथालयात बसवला आहे.

दुरुस्ती होईपर्यंत एमसीबी बंद राहावा व तो कोणी चालू करू नये अशी सूचना मीटरच्या बोर्डाजवळ लावावी. परवानाधारक वायरमनकडून केवळ बटणाची नव्हे, पूर्ण बोर्डाची तपासणी व्हावी. वायरमन शाळेच्या वेळेत आल्यास खुणा दाखवण्यासाठी मी उपस्थित राहीन. काम झाल्याची नोंद या पत्रावर व्हावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
वर्गशिक्षिका, सातवी 'ब'"

या पत्रात शास्त्र नाही, कारण शिक्षिकेने निदान करायचेच नाही; तिने पाहिलेले, ऐकलेले आणि हुंगलेले लिहायचे आहे. "शॉर्टसर्किट झाले आहे" असे ठोकून देण्यापेक्षा "ट्यूब फडफडते" हे वाक्य वायरमनला कितीतरी अधिक सांगते. इजा झालेली नाही हे लिहिल्याने पत्राला घबराटीचा सूर येत नाही. आणि पुरवठा आधी बंद करून मग पत्र लिहिले आहे, हा क्रम महत्त्वाचा आहे. पत्राचे उत्तर येईपर्यंत पंखा चालू राहिला, तर पत्राचा हेतूच हरतो. एमसीबी कोणता हे माहीत नसेल तर पूर्ण मजल्याचा मेन बंद करावा लागला तरी चालेल. बटणावर चिकटपट्टी लावून ठेवणे ही खबरदारी नव्हे, कारण बटण बंद असले तरी फेज लूपिंगमधून त्याच स्क्रूवरून पुढे जात असतो.

यावर हमखास येणारा आक्षेप उकाड्याचा आहे : ऑक्टोबरमध्ये किंवा मार्चच्या शेवटी पंख्याविना पन्नास मुले कशी बसवायची? आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर खोली बदलण्यात आहे. ग्रंथालय, प्रयोगशाळा, सभागृह, व्हरांडा, दुसऱ्या तुकडीबरोबर बसणे, यांतले काहीतरी दोन-तीन दिवसांपुरते जमतेच. जमत नसेल, तर वायरमन त्याच दिवशी बोलावण्याचे ते कारण आहे. ठिणगी उडणारा पंखा चालू ठेवण्याचे नाही.

दुरुस्ती खरी झाली की वरवरची, हे शिक्षकालाही ओळखता येते. वायरमनने मेन बंद करून बोर्ड उघडायला हवा. करपलेले तारेचे टोक चकचकीत धातू दिसेपर्यंत मागे कापून, नव्याने सोलून, नव्या बटणात आवळायला हवे. टोक मागे कापल्याने तार आखूड पडत असेल तर तो तुकडाच बदलायला हवा. शेजारच्या सगळ्या बटणांचे स्क्रू एकेक करून तपासायला हवेत. बटण फेजवर आहे, अर्थिंग जोडलेले आहे, आणि एका वाटेवर भार अति नाही, हे पाहायला हवे. पाच मिनिटांत बटण बदलून झाकण लावले असेल, तर यांतले बहुतेक राहून गेलेले असते. बोर्डावरचे सगळे पंखे आणि दिवे तासभर एकदम चालवून ट्यूब फडफडत नाही, आवाज आणि वास नाही, हे पाहिल्यावरच मुलांना परत बसवावे.

चौथे म्हणणे उघडपणे क्वचितच बोलले जाते, पण पत्र अडवते तेच. पत्र आले की मुख्याध्यापकांना "माहीत होते" हे सिद्ध होते. उद्या काही झाले तर तो कागद त्यांच्याविरुद्ध उभा राहील. भीती समजण्यासारखी आहे, तर्क मात्र उलटा आहे. शिपायाला सांगितले, सहशिक्षकांना ठाऊक होते, मुलांनी घरी सांगितले. माहिती तर सगळीकडे पोहोचलेलीच असते, आणि चौकशीत ती तोंडी साक्षींतूनही बाहेर येते. कागद नसल्याने फक्त एक गोष्ट सिद्ध करता येत नाही : मुख्याध्यापकांनी तत्काळ पुरवठा बंद करायला लावला होता. पत्रावर "पुरवठा बंद ठेवावा, वायरमनला आज बोलावले" असा शेरा, तारीख आणि सही असेल, तर तो कागद त्यांचे सर्वांत मोठे संरक्षण ठरतो.

शाळेची जबाबदारी आता केवळ नैतिक राहिलेली नाही. कुंभकोणमच्या शाळेत २००४ च्या जुलैमध्ये लागलेल्या आगीत ९४ मुले दगावली. ती आग स्वयंपाकघरातून सुरू झाली होती, विजेतून नव्हे. परंतु त्यानंतरच्या अविनाश मेहरोत्रा खटल्यात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे असे स्पष्ट केले. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये मुलांच्या सुरक्षिततेबाबत शाळा व्यवस्थापनाचे उत्तरदायित्व निश्चित करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या शाळेचे छत २५ जुलै २०२५ रोजी कोसळून सात मुले गेल्यावर त्याच मंत्रालयाने राज्यांना शाळांच्या सुरक्षा तपासणीचे निर्देश दिले. धोकादायक स्थिती किंवा थोडक्यात टळलेला अपघात चोवीस तासांच्या आत ठरवलेल्या अधिकाऱ्याला कळवावा, असे त्यांत म्हटले आहे. जळका वास येणारा बोर्ड ही धोकादायक स्थितीच आहे. शिक्षकाने मुख्याध्यापकांनाच लिहायचे नाही, असा दंडक असलेल्या शाळेत ती स्थिती वरच्या अधिकाऱ्यापर्यंत चोवीस तासांत पोहोचणार कशी, याचे उत्तर या चौथ्या म्हणण्याकडे नाही.

पत्राचा आणखी एक उपयोग विरोध करणाऱ्यांच्या ध्यानातच येत नाही : खर्चाला आधार मिळतो. बटणाची किंमत शंभर रुपयांच्या आतली असते, पण पूर्ण बोर्ड, तार आणि मजुरी धरली की रक्कम हजारांत जाते, आणि ती कशातून करायची हा प्रश्न येतो. सरकारी शाळांना समग्र शिक्षा अभियानातून संयुक्त शाळा अनुदान मिळते. त्याचे ठरलेले प्रमाण १०१ ते २५० विद्यार्थ्यांच्या शाळेला वर्षाला ५० हजार आणि २५१ ते १००० विद्यार्थ्यांच्या शाळेला ७५ हजार रुपये असे आहे. नादुरुस्त साहित्य बदलणे आणि इमारतीची देखभाल हेच त्याचे प्रयोजन आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे हे शिक्षण हक्क कायद्याने त्या समितीला दिलेले काम आहे. दिनांकासह पत्र, त्यावरचा शेरा, वायरमनचे बिल आणि काम पूर्ण झाल्याची नोंद हे चार कागद एकत्र असले, की त्या खर्चावर लेखापरीक्षणात शंका उरत नाही. खासगी अनुदानित आणि विनाअनुदानित शाळांत निधी वेगळा असतो, पण संस्थेकडे मागणी नेताना मुख्याध्यापकांना हाच कागद लागतो. महावितरणकडे बोट दाखवून उपयोग नसतो, कारण मीटरच्या पुढची जोडणी ग्राहकाची, म्हणजे शाळेची असते.

पत्र देण्याची रीत साधी आहे. दोन प्रती कराव्यात, एक कार्यालयात देऊन आवक क्रमांक घालून घ्यावा, दुसरीवर पोच घ्यावी. त्याच दिवशी मुख्याध्यापकांना प्रत्यक्ष भेटून सांगावेच. लेखी आणि तोंडी यांत वैर नाही. पुरवठा बंद असूनही दोन-तीन दिवसांत वायरमन आला नाही, तर पहिल्या पत्राचा आवक क्रमांक आणि तारीख देऊन दुसरे पत्र लिहावे आणि त्यात नवीन एवढेच नोंदवावे की वर्ग कोठे बसतो आहे व बोर्डाची स्थिती काय आहे. कोणी न विचारता एमसीबी पुन्हा चालू केला, तर मात्र दोन दिवस थांबू नये. ते त्याच तासाला कळवावे. मुख्याध्यापकांकडून काहीच हालचाल झाली नाही, तर पत्राची प्रत शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना, व तेही आधी मुख्याध्यापकांना सांगून, देता येते. अनेक वर्गांच्या बोर्डांत एकाच वेळी अशी लक्षणे असतील, तर प्रश्न एका बटणाचा नसून पूर्ण वायरिंगचा आहे. तेव्हा मुख्याध्यापकांनी विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयाला लिहून तपासणी मागावी. २००३ च्या विद्युत कायद्यात या निरीक्षकांच्या नेमणुकीची तरतूद आहे. दुर्दैवाने कोणाला शॉक लागून इजा झालीच, तर त्याच कायद्याप्रमाणे अपघाताची सूचना देणे बंधनकारक ठरते, आणि मग मूळ पत्र, त्यावरचा शेरा आणि एमसीबी बंद केल्याची वेळ हे चौकशीत सर्वांत आधी मागितले जाणारे कागद असतात.

काम झाल्यावर वायरमनने काय बदलले, कोणती तार कापली, एमसीबी किती वाजता चालू केला, हे मूळ पत्राच्याच मागे लिहून त्याची आणि वर्गशिक्षिकेची सही घ्यावी, आणि ते पत्र दुरुस्तीच्या फाइलला लावावे. पुढच्या जूनमध्ये शाळा उघडण्याआधी वायरमन सगळे बोर्ड तपासायला येईल, तेव्हा सातवी 'ब'चा बोर्ड आधी उघडून पाहायचा, हे त्याला त्या फाइलवरूनच कळेल.